आठपैकी तीन

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीचे पाणी वडोदऱ्यातल्या आमच्या अकोट्याच्या घरात शिरले आणि दोन दिवस तिथेच राहिले. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. तिसऱ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा पाण्याने फुगून बसला होता आणि त्याचे दार उघडायला बाबांना पेचकस घ्यावा लागला. त्या कप्प्यात लाल अलवानाच्या रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. आबा त्याला दप्तर म्हणत. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि तीन वर्षांत त्या रुमालाची गाठ कोणी सोडली नव्हती.

ओल्या कागदांचे काय करावे हे मला माहीत नव्हते, पण माझी एक मैत्रीण इथल्या विद्यापीठात म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकते. तिने फोनवर सांगितलेल्या गोष्टी मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या आठवड्यात वडोदऱ्यातल्या पुष्कळ घरांत असे गठ्ठे भिजले आणि पुष्कळ घरांत ते घाईने उलगडताना फाटले. ओला कागद नखाने सोडवायचा नाही. आधी गठ्ठा तिरका ठेवून पाणी निथळू द्यायचे. मग वरच्या पानावर प्लॅस्टिकचा पातळ, स्वच्छ कागद ओला करून हलक्या हाताने चिकटवायचा आणि तो कोपऱ्यातून उचलायचा, म्हणजे खालचे पान त्याला धरून आपोआप वर येते. ते पान टिपकागदावर किंवा साध्या कोऱ्या कागदावर पालथे ठेवायचे. वर्तमानपत्रावर ठेवू नये, कारण त्याची शाई उठते. ऊन नको, इस्त्री तर नकोच. खोलीतला पंखा पुरे. आणि हे सारे दोन दिवसांच्या आत सुरू व्हायला हवे, कारण त्यानंतर बुरशी धरते. आईने इस्त्री गरम करायला ठेवली होती, ती मी बंद केली. दिवाणखान्याच्या ओल्या फरशीवर आम्ही दोन खाटा टाकल्या आणि त्यांच्यावर आबांचे दप्तर पान पान करून पसरले.

घरपट्टीच्या पावत्या निघाल्या, एक पत्रिका निघाली, आत्याच्या लग्नाच्या खर्चाची यादी निघाली. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी, गंजलेल्या टाचणीने एकत्र टाचलेले फुलस्केपचे दोन ताव निघाले. वरच्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले होते : इयत्ता आठवी, अंकगणित, सहामाही परीक्षा, १९५७. खाली आबांचे नाव होते. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. उजव्या कोपऱ्यात जाड लाल पेन्सिलीने वर्तुळ काढून त्यात ३४ आणि खाली ५० लिहिलेले होते.

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मला गणिताची गोडी आबांमुळे लागली, आणि त्यांचा गणितातला एकही गुण कधी कापला गेला असेल अशी कल्पना मी केली नव्हती. एका गिरणीच्या हिशेब खात्यात त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली. त्यामुळे पन्नासपैकी चौतीस पाहिल्यावर सोळा गुण कुठे गेले हे शोधण्याची मला घाई झाली. मात्र ते वाचणे सोपे नव्हते.

त्याचे कारण शाई. त्या चौदा वर्षांच्या मुलाने उत्तरे निळ्या-काळ्या शाईने लिहिली होती. त्या जुन्या शाईत लोहाचे क्षार असत. हवा लागली की ती कागदाच्या तंतूंत काळी पडून बसते आणि मग पाण्याने सहसा हलत नाही. आबांची अक्षरे दोन दिवस पुरात राहूनही जागेवर होती, फक्त कडांना तपकिरी झाली होती. मास्तरांची लाल शाई मात्र बहुधा इओसिनची होती, आणि हा रंग पाण्यात सहज विरघळतो. जिथे पाणी पोचले तिथे मास्तरांच्या खुणा गुलाबी डागांत विरून गेल्या होत्या. पहिल्या पानावरची बेरीज वाचली, कारण ती पेन्सिलीची होती. म्हणजे मुलाचे सारे लेखन शिल्लक होते, एकूण गुणही शिल्लक होते, आणि मधले परीक्षण अर्धेमुर्धे वाहून गेले होते.

प्रश्न सहा होते. प्रश्नपत्रिका गठ्ठ्यात नव्हती, पण मुलाने प्रत्येक उत्तराआधी दिलेली माहिती उतरवून घेतली होती, 'रीत' असे लिहून त्याखाली रेघ मारली होती आणि उजवीकडे उभी रेघ ओढून 'कच्चे काम' असा रकाना पाडला होता. पहिल्या पाच प्रश्नांना आठ आठ गुण आणि सहाव्याला दहा. पहिल्या प्रश्नाचे सात गुण वाचता येत होते, दुसऱ्याचे सहा, चौथ्याचे पाच, पाचव्याचे पूर्ण आठ आणि सहाव्याचे पाच. तिसऱ्या प्रश्नाशेजारी समासात नुसता गुलाबी ढग होता. त्या पाच आकड्यांची बेरीज एकतीस होते, म्हणून तिसऱ्याला तीन गुण असले पाहिजेत, हे उघड होते.

तरी मन मानेना. समोरच्या पानावर, दुसऱ्या प्रश्नाच्या कच्च्या कामाच्या रकान्यात, लाल रंगात एक आकडा स्पष्ट दिसत होता, आणि तो सहा होता. त्याच्या खाली तिथेच काही पुसट लाल रेघा होत्या. मला वाटले, हाच तिसऱ्याचा गुण असेल, मास्तरांनी चुकून अलीकडच्या पानावर लिहिला असेल आणि बेरजेत तीन गुण कमी धरले असतील. आजोबांवर अन्याय झाला असे मी आईला सांगूनही टाकले. संध्याकाळी पाने वाळल्यावर मी ताव पूर्वीसारखा मिटला आणि मग लक्षात आले की तो लाल सहा बरोबर तिसऱ्या प्रश्नाच्या समासातल्या गुलाबी ढगावर येऊन बसतो. ओल्या पानाची शाई समोरच्या पानावर उठली होती, आणि उठलेला ठसा उलटा असतो. देवनागरीत तीन उलटा पाहिला की सहासारखा दिसतो. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात म्हणून तर आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. मी त्या पानाचा फोटो काढला आणि फोनवर आडवा उलटवला. समासात तीन होता. त्याच्या बाजूला बरोबरच्या तीन छोट्या खुणा होत्या आणि खाली एक ओळ होती, जिच्यातले पहिले दोन शब्द वाचता येत होते : "उत्तर बरोबर".

उत्तर बरोबर, आणि आठपैकी तीन. इथे मी खरोखर खाटेच्या कडेवर बसून ते गणित मांडायला घेतले.

मुलाने उतरवलेला प्रश्न असा होता : एका वहीची किंमत तीन आणे आणि एका पेन्सिलीची एक आणा आहे. शाळेने बारा डझन वह्या व बारा डझन पेन्सिली घेतल्या, तर एकूण किती रुपये व किती नवे पैसे द्यावे लागतील? ते वर्ष ध्यानात घ्यायला हवे. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै होत. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणी काही काळ नव्यांच्या सोबतीने बाजारात चालत राहिली, म्हणून वस्तूचा भाव तोंडी आण्यांत आणि देणे नव्या पैशांत, असा दुहेरी हिशेब घरोघरी करावा लागे. आठवीतल्या मुलांनी सहा महिन्यांपूर्वीपर्यंत फक्त रुपये-आणे-पै केले होते, आणि सहामाहीला त्यांच्यापुढे हा प्रश्न आला.

अडचण अशी, की शंभराला सोळाने भागले की सव्वासहा येतात. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे नाही. म्हणून सरकारी कोष्टकात पूर्ण पैसे दिलेले होते : एका आण्याचे सहा, दोनांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. अर्धा पैसा किंवा त्याहून कमी उरला तर तो सोडायचा आणि जास्त असेल तर एक धरायचा. त्यामुळे एका आण्यात पाव पैसा बुडतो, आणि तीन आण्यांचे खरे पावणेएकोणीस होत असल्याने तिथे पाव पैसा जास्त जातो. चार आण्यांना मात्र काही सोडावे वा धरावे लागत नाही.

मुलाने ते कोष्टक पाठ केले होते आणि लगेच वापरले. वही एकोणीस नव्या पैशांची. बारा डझन म्हणजे एकशे चव्वेचाळीस, त्यांना एकोणिसांनी गुणून २७३६, म्हणजे सत्तावीस रुपये छत्तीस नवे पैसे. पेन्सिल सहा नव्या पैशांची, म्हणून ८६४, म्हणजे आठ रुपये चौसष्ट नवे पैसे. दोहोंची बेरीज छत्तीस रुपये. त्याने 'उत्तर : ३६ रुपये' लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत, आणि त्या रेघा किती आत्मविश्वासाने मारल्या आहेत हे निबाच्या दाबावरून आजही दिसते.

आता हेच आण्यांत ठेवून केले तर? एकशे चव्वेचाळीस वह्यांचे चारशे बत्तीस आणे, भागिले सोळा, बरोबर सत्तावीस रुपये. पेन्सिलींचे एकशे चव्वेचाळीस आणे, म्हणजे बरोबर नऊ रुपये. एकूण छत्तीस. उत्तर तेच आले, पण आतले दोन्ही आकडे वेगळे आहेत. वह्यांत मुलाने छत्तीस नवे पैसे जास्त दिले आणि पेन्सिलींत छत्तीस नवे पैसे बुडवले. एकशे चव्वेचाळीस वेळा पाव पैसा वर आणि एकशे चव्वेचाळीस वेळा पाव पैसा खाली, अशा दोन चुका समोरासमोर आल्या आणि एकमेकींना खाऊन गेल्या. शाळेने त्या दिवशी फक्त वह्या घेतल्या असत्या तर बिल चुकले असते. पेन्सिली दहाच डझन असत्या तरी चुकले असते.

ज्या पायरीवर मुलगा घसरला तिला आम्ही वर्गात पूर्णांकन म्हणतो. सव्वासहाचे सहा करणे ही स्वतःहून चूक नाही. पाव पैसा कोणाच्या हातावर ठेवता येत नाही म्हणून ते कधीतरी करावेच लागते. प्रश्न ते केव्हा करायचे एवढाच असतो. देणे हातावर ठेवताना ते एकदाच केले तर फार तर अर्ध्या पैशाचा फरक पडतो. गुणाकाराच्या आधी केले तर तो फरकही गुणला जातो.

मला हे कळायला पाहिजेच होते, कारण त्याच वर्षी प्रात्यक्षिकात मी याच जागी घसरले होते. उंचीच्या मोजमापांचा व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, काढायचा होता. आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करायचा, ही सोपी रीत मी घेतली आणि मध्येच सरासरीचा आकडा एका दशांशावर आणून ठेवला. समजा तीन उंची आहेत : १६०.३, १६०.४ आणि १६०.४. त्यांच्या वर्गांची सरासरी २५७१७.४७ येते. खरी सरासरी १६०.३६६६... आहे, पण ती १६०.४ धरली तर तिचा वर्ग २५७२८.१६ होतो आणि वजाबाकी ऋण येते. पसरण ऋण असूच शकत नाही, म्हणून माझी चूक कागदावर ओरडून उठली. आबांच्या चुकीने तसा काहीही आवाज केला नाही. उत्तरपत्रिका तपासणारा नुसते शेवटचे उत्तर पाहून पुढे गेला असता तर आठपैकी आठ मिळाले असते, आणि वर्गातली मुले मोजली तर तसे करणाऱ्या मास्तरांना दोषही देता आला नसता. या मास्तरांनी मधले आकडे पाहिले. बरोबरच्या तीन खुणा कुठे आहेत हे फोटोवरून जुळवून पाहिले तेव्हा कळले की एक खूण कोष्टकाच्या ओळीला आहे, एक गुणाकारांना आणि एक बेरजेला. जे खरोखर बरोबर होते त्याचे गुण त्यांनी दिले होते.

रात्री जेवणानंतर मी हे आजीला सांगायला बसले. आजीची शाळा चौथीत सुटली. मी प्रश्न वाचून दाखवला, आणि आण्यांचे सोळाने भागाकार कसे करायचे हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "छत्तीस रुपये."

"तू कसे केलेस?"

"एक वही नि एक पेन्सिल मिळून पावली. एकशे चव्वेचाळीस पावल्यांचे छत्तीस. पावकी म्हणायची नुसती. त्यात एवढे कागद कशाला भरायचे?"

तीन आणे आणि एक आणा मिळून चार आणे, म्हणजे पावली, म्हणजे रुपयाचा चौथा हिस्सा. पावलीचे पंचवीस नवे पैसे पूर्ण होतात, तिथे पाव पैशाचा प्रश्नच उठत नाही. दिवसभर शाई आणि ठसे पाहून मी जे मांडले ते आजीने पाढ्यावर सोडवले होते. मला तर आता वाटते की प्रश्न काढणाऱ्या मास्तरांनी तीन आणि एक हे आकडे मुद्दाम निवडले असावेत आणि वह्या-पेन्सिली सारख्या संख्येने ठेवल्या असाव्यात, कारण वर्गातल्या पोरांना पावली दिसते का, हे त्यांना पाहायचे असेल. चौदा वर्षांच्या आबांना ती दिसली नाही. नवे कोष्टक त्यांना इतके चांगले पाठ होते की जुने नाणे डोळ्यांसमोर आले नाही.

मग मी आजीला ती पुसट ओळ दाखवली. फोटोचा उजेड कमीजास्त करून पाहिल्यावर 'उत्तर बरोबर' च्या पुढचे काही शब्द हळूहळू हाताला लागत होते. 'आधी' दिसला, त्यानंतर 'मोज' सारखे काही, आणि ओळीच्या शेवटी 'पैसे कर'. आजीने चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिले. मग आम्ही दोघींनी एकदमच ती ओळ म्हटली, कारण ती आम्हाला पाठ होती.

"आधी आणे मोज, शेवटी पैसे कर."

माझ्या लहानपणी आबा हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणत. मी पाचवीत अपूर्णांक करत असताना म्हणत, भाजीचा हिशेब लिहिताना म्हणत, बाबांनी घराच्या कर्जाचे हप्ते मांडले तेव्हाही म्हणाले होते. आणे मी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे ते जुन्या लोकांचे काटकसरीचे बोल असावेत, आधी चार आणे सांभाळ म्हणजे पुढे पैसा जमेल असे काहीतरी, अशी माझी समजूत होती आणि मी ती कधी तपासून पाहिली नाही. ते वाक्य तिसऱ्या प्रश्नाच्या समासातले होते. त्याचा अर्थ तेवढाच होता जेवढा त्यात लिहिला आहे : हिशेब पूर्ण होईपर्यंत आण्यांतच राहा आणि नव्या पैशांत एकदाच, शेवटी, ये.

आजी उठून आतल्या खोलीत गेली आणि पुरातून वाचलेली एक दुधाची वही घेऊन आली. ती फळीवर होती म्हणून कोरडी राहिली होती. वहीत १९९० नंतरच्या काही वर्षांचे दूध आबांच्या हाताने लिहिलेले आहे. रोजच्या ओळीत फक्त लिटर आहेत, दीड, दोन, सव्वा, पाहुणे आले त्या दिवशी तीन. एकाही दिवसापुढे रक्कम नाही. महिन्याच्या शेवटी लिटरची बेरीज, त्याखाली भाव, त्याखाली गुणाकार पुऱ्या दशांशांसह, आणि सगळ्यात खाली, रेघ मारून, दूधवाल्याला दिलेले पूर्ण रुपये. मी बारा महिन्यांची पाने उलटली आणि सगळीकडे तीच रीत होती. आजी म्हणाली, "भैया रोजचे रोज पैसे लिहा म्हणून भांडायचा. ह्यांनी कधी लिहिले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी उत्तरपत्रिकेतली टाचणी काढली, कारण गंजाने तिच्याभोवती कागद खायला सुरुवात केली होती. पानांच्या मध्ये टिपकागद न घालता पातळ कोरा कागद घातला, म्हणजे उरलेला लाल रंग आणखी शोषला जाणार नाही. दोन्ही ताव एका जाड पाकिटात ठेवले. उद्या कोणी ते उघडले आणि दुसऱ्या पानावर कच्च्या कामात लाल सहा पाहिला तर माझ्यासारखी त्याचीही फसगत होईल, म्हणून पाकिटावर पेन्सिलीने, पाण्याने जाणार नाही अशा बेताने, लिहिले : "प्रश्न ३ चे गुण समोरच्या पानावर आहेत. उलटे वाचावेत."